जुन्या गेमच्या डब्यात नेमकं काय उरलंय, ते कसं तपासायचं?

जळगाव, भुसावळ, धुळ्याकडच्या खरेदी-विक्रीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर गेमच्या सीडीची जाहिरात आली, की तिच्यात हमखास दोन शब्द असतात. ‘अल्टिमेट एडिशन’ किंवा ‘ऑल डीएलसी’. डीएलसी म्हणजे मूळ गेमला वरून जोडायचे भाग, म्हणजेच जोडभाग. सोबत डब्याचा चकचकीत फोटो आणि साध्या आवृत्तीपेक्षा हजार-बाराशे रुपये जास्त भाव. डबा खरा असतो, सीडी खरी असते, विकणाराही बहुतेक वेळा खोटं बोलत नसतो. पण त्या हजार-बाराशेच्या बदल्यात जे मिळायला हवं, ते सीडीवर नसतंच. ते डब्यातल्या एका कागदावर छापलेल्या कोडमध्ये होतं, आणि तो कोड पहिल्या मालकाने केव्हाच वापरून टाकलाय.

कोड एकदा टाकला की त्यातला माल टाकणाऱ्याच्या अकाउंटला कायमचा जोडला जातो. सीडी हात बदलते, अकाउंट बदलत नाही. जुनी गाडी घेतली म्हणून आधीच्या मालकाच्या फास्टॅगमधले पैसे आपल्याला मिळत नाहीत, तसंच हे. म्हणून जुना गेम घेताना विचारायचं ते असं: या डब्यातलं सीडीवर किती आणि कोडमध्ये किती? पुढची सगळी तपासणी या उत्तरासाठी आहे. मी मुख्यतः सोनीचे प्लेस्टेशन ४ आणि ५, म्हणजे पीएस४ आणि पीएस५ धरून लिहितोय, कारण आपल्या भागात जुन्या सीडींचा व्यवहार सगळ्यात जास्त त्यांचाच दिसतो.

आवृत्तीच्या नावावर जाऊ नका

‘गेम ऑफ द इयर’, ‘कम्प्लीट’, ‘अल्टिमेट’ ही नावं कंपन्या मनाला येतील तशी वापरतात. त्यावरून माल सीडीवर आहे की कोडमध्ये, हे कळत नाही. ‘होरायझन झीरो डॉन’ची कम्प्लीट एडिशन २०१७ साली आली, तिच्यात ‘फ्रोझन वाइल्ड्स’ हा जोडभाग सीडीवरच आहे. ‘ब्लडबोर्न’च्या गेम ऑफ द इयर आवृत्तीत ‘ओल्ड हंटर्स’ सीडीवर आहे. ‘विचर ३’च्या गेम ऑफ द इयरमध्येही दोन्ही मोठे जोडभाग सीडीवरच येतात. हे गेम दहाव्या हातून घेतले तरी पूर्ण मिळतात. त्यांच्यासाठी दोनशे रुपये जास्त मोजायला माझी हरकत नाही.

आता दुसरी बाजू बघा. पीएस४ वरच्या ‘स्पायडर-मॅन’ची गेम ऑफ द इयर आवृत्ती २०१९ची. तिच्या सीडीवर मूळ गेम आहे, आणि ‘द सिटी दॅट नेव्हर स्लीप्स’ ही तीन प्रकरणं व्हाउचर कोडने येतात. पीएस५ वरच्या ‘स्पायडर-मॅन: माइल्स मोरालेस’ची अल्टिमेट एडिशन तर याहून फसवी. डब्यावर दोन गेमची नावं, पण सीडी एकच आणि तिच्यावर फक्त ‘माइल्स मोरालेस’. दुसरा अख्खा गेम, म्हणजे ‘स्पायडर-मॅन रीमास्टर्ड’, त्या कागदावरच्या कोडमध्ये. कोड वापरलेला असेल तर अर्धा डबा रिकामा म्हणायचा.

हाच डबा उदाहरणाला घेऊ. समजा तुम्ही अमळनेरला आहात, विकणारा भुसावळला आहे, आणि त्याने अल्टिमेट एडिशनचे २६०० रुपये सांगितलेत. साधी ‘माइल्स मोरालेस’ची जुनी सीडी त्याच ग्रुपवर १४०० ला मिळतेय. भाव मी समजुतीपुरते धरलेत, तुमच्या ग्रुपवरचे बघून घ्या.

आधी फोटो मागवा, तेही ठरलेलेच

समोरचा फोटो पुरत नाही. मागची बाजू, डब्याची कड, उघडलेला डबा आणि सीडीचा छापील भाग, असे चार फोटो मागवा.

मागच्या बाजूला खाली बारीक अक्षरांत कामाची गोष्ट असते. तिथे ‘व्हाउचर’, ‘डाउनलोड’, ‘इंटरनेट जोडणी आवश्यक’, ‘अकाउंट आवश्यक’ अशा अर्थाचे इंग्रजी शब्द शोधा. जोडभागाच्या नावाजवळ बारीक चांदणी असेल तर ती चांदणी खाली कुठे उलगडलीय ते वाचा. बहुतेक वेळा तिथेच लिहिलेलं असतं, की हा भाग कोडने मिळेल आणि कोडला मुदत आहे. फोटो झूम करून वाचता येत नसेल तर पुन्हा मागा. विकणारा कुरकुरला तरी मागा.

कडेवर आणि सीडीवर एक क्रमांक असतो. पीएस४ साठी तो `CUSA` ने सुरू होतो, पीएस५ साठी `PPSA` ने, पुढे पाच आकडे. तो लिहून ठेवा, पुढे प्रदेश जुळवताना लागेल. वयोमर्यादेचं चिन्हही पाहून ठेवा. चौकोनात ३, ७, १२, १६, १८ असा आकडा असेल तर युरोपीय पद्धतीचा डबा. ई, टी, एम अशी इंग्रजी अक्षरं असतील तर अमेरिकेचा.

उघडलेल्या डब्यात डाव्या बाजूला क्लिपखाली कागद असतो. तो मिळाला म्हणून खूश होऊ नका. प्लेस्टेशनचे बरेचसे व्हाउचर साध्या कागदावर उघडेच छापलेले असतात. मोबाईल रिचार्जसारखं खरवडायचं काही नसतं. त्यामुळे वापरलेला आणि न वापरलेला कागद हुबेहूब सारखा दिसतो. फोटोत फक्त मुदतीची तारीख दिसेल एवढं बघा. मुदत उलटून गेली असेल तर कोड कोरा असला तरी उपयोग नाही.

विकणाऱ्याला काय विचारायचं

‘सगळं चालतं ना?’ असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: ‘भाऊ, सीडी वरिजनल शे, समदं चालस!’ आणि ते खरंही असतं, कारण त्याच्या मशीनवर खरोखर सगळं चालतं. प्रश्न असा विचारा की उत्तर हो किंवा नाही एवढंच येईल. मी साधारण असा मेसेज टाकतो:

‘दादा, डब्यातला कोड कुणी वापरलाय का? तुम्ही पहिले मालक की तुम्हीही जुनाच घेतला होता? स्टोअरमध्ये रीमास्टर्डचं पान उघडून तुमच्या अकाउंटवर किंमत दिसते की खरेदी केल्याचं दिसतं, त्याचा स्क्रीनशॉट टाका.’

यातला स्क्रीनशॉट सगळ्यात महत्त्वाचा. त्याच्या अकाउंटवर तो गेम खरेदी झालेला दिसत असेल, तर जवळजवळ नक्की कोड त्यानेच वापरलाय. किंमत दिसत असेल तर दोन शक्यता उरतात. एकतर कोड कोरा आहे, नाहीतर तो त्याच्याही आधीच्या मालकाने वापरलाय. तो दुसरा मालक असेल तर मी कोड गेलेलाच धरतो.

न वापरलेला कोड आहे असं तो ठासून सांगत असेल तर त्याचा फोटो मागू नका, आणि त्याने आपणहून ग्रुपवर टाकू नये असंही सांगा. बारा अक्षरं-आकड्यांचा तो कोड जो आधी टाकेल त्याचा. समोरासमोर भेटून, पैसे देण्याआधी, स्वतःच्या मोबाईलवरच्या प्लेस्टेशन अ‍ॅपमध्ये स्वतःच्या अकाउंटवर तो टाकून बघा. कोड चालू असेल तर आधी त्यात काय आहे त्याचं नाव दिसतं आणि मग तुमची संमती विचारली जाते. नाव दिसलं की ठरलेले पैसे द्या, मग संमती द्या. कोड चुकीचा किंवा आता वैध नाही असं आलं, तर एकदा शून्य आणि ओ, एक आणि आय यांची गल्लत झाली नाही ना ते बघा. तरीही तेच आलं तर साध्या आवृत्तीचा भाव लावा.

त्याच्या मशीनवरचा डेमो का फसवतो

यावर जरा थांबतो, कारण इथेच माणसं गंडतात. तुम्ही भुसावळला त्याच्या घरी गेलात, त्याने सीडी घातली, दोन्ही गेम चालवून दाखवले. यावरून सीडी ओरखड्यांमुळे अडत नाही एवढंच सिद्ध होतं. रीमास्टर्ड त्याच्या अकाउंटवरून चालतोय आणि सीडीशी त्याचा काही संबंध नाही. सीडी काढून घेतली तरी तो गेम चालूच राहील. हे त्याच्यासमोर करून बघा, सीडी काढायला सांगा. ‘माइल्स मोरालेस’ लगेच सीडी मागेल आणि रीमास्टर्ड मुकाट चालत राहील. वाद मिटवायला याहून सोपा उपाय नाही.

जोडभागांच्या बाबतीत मात्र ही युक्ती चालत नाही, कारण जोडभाग चालायला मूळ गेमची सीडी लागतेच. मग काही जण हुशारी करतात: ‘मी नवीन युजर बनवून दाखवतो.’ तेही पुरेसं नाही. प्लेस्टेशनवर एखादं अकाउंट त्या मशीनवर मुख्य म्हणून लावलेलं असेल, तर त्याचे सगळे गेम आणि जोडभाग त्या मशीनवरच्या कुठल्याही युजरला वापरता येतात. पीएस४ मध्ये याला `Activate as Your Primary PS4` म्हणतात, पीएस५ मध्ये `Console Sharing and Offline Play`. त्यामुळे कोऱ्या युजरवरही सगळे जोडभाग उघडे दिसतील. खात्री फक्त तुमच्या स्वतःच्या मशीनवर होते, जिथे विकणाऱ्याचं अकाउंट कधी घातलेलं नाही.

गेममधले टप्पे गाठल्यावर मिळणाऱ्या ट्रॉफ्यांची यादीही पुरावा नाही. अपडेट झाल्यावर जोडभागांच्या ट्रॉफ्यांचे गट सगळ्यांनाच दिसतात, जोडभाग असो वा नसो. पण एका कामासाठी ती यादी छान आहे. या गेमला एकूण किती मोठे जोडभाग आले आणि त्यांची नावं काय, हे तिथे एका नजरेत कळतं.

‘अकाउंटच देतो सोबत, त्यात सगळं आहे’ असाही प्रस्ताव येतो. घेऊ नका. सोनीच्या नियमांत अकाउंट विकणं बसत नाही, आणि ज्याच्या नावाने ते उघडलंय तो केव्हाही पासवर्ड परत मिळवू शकतो. पैसे गेल्यावर तक्रार कुठे करणार?

घरी आल्यावर: आधी इंटरनेट बंद

सीडी हातात आली की उत्साहात लगेच चालू करू नका. आधी सीडीवर नेमकं काय आहे ते बघायचं, मग ऑनलाइन काय येतं ते. हा क्रम उलटला की दोन्ही मिसळतात.

हाच गेम मशीनवर आधीपासून असेल तर तो काढून टाका. सेव्ह वेगळा राहतो, तो जात नाही. मग इंटरनेट बंद करा. पीएस४ वर `Settings` मधल्या `Network` मध्ये `Connect to the Internet` वरची खूण काढा. पीएस५ वर `Settings`, `Network`, पुन्हा `Settings` असं जाऊन तोच पर्याय बंद करा. आता सीडी घाला आणि पूर्ण कॉपी होऊ द्या. मोठ्या गेमला बराच वेळ लागतो, मध्येच खेळायला बसू नका. कॉपी संपल्यावर गेमवर जाऊन कंट्रोलरवरचं `OPTIONS` बटण दाबा आणि `Information` उघडा. तिथे आवृत्तीचा आकडा दिसेल. इंटरनेटशिवाय दिसणारा हा आकडा म्हणजे सीडीवर छापलेली आवृत्ती. तो लिहून ठेवा.

आता गेम चालू करा आणि मुख्य मेनू नीट वाचा. जोडभाग सीडीवर असतील तर ते इथे, इंटरनेट नसतानाही, निवडता येतात किंवा आपोआप गेममध्ये मिसळलेले असतात. ‘होरायझन’मध्ये नकाशाच्या उत्तरेला बर्फाचा प्रदेश आहे की नाही हे बघितलं की झालं. जोडभागाचं नाव दिसतंय पण कुलूप आहे, किंवा दाबल्यावर स्टोअर उघडायला बघतंय आणि इंटरनेट नाही म्हणून अडतंय, तर तो सीडीवर नाही असं समजा.

आपल्या उदाहरणात इथे काय दिसेल? होम स्क्रीनवर एकच चौकोन, ‘माइल्स मोरालेस’चा. रीमास्टर्डचा चौकोन येणारच नाही. विकणाऱ्याशी आधी बोलणं झालेलं नसेल तर याच वेळी फोन करा, दोन दिवसांनी नाही. कुरिअरने मागवलं असेल तर पाकीट उघडण्यापासून या स्क्रीनपर्यंत सलग व्हिडिओ काढा.

मग इंटरनेट चालू करा आणि अपडेट येऊ द्या. अपडेट फुकट असतं आणि ते जुन्या सीडीलाही मिळतं, त्याचा कोडशी संबंध नाही. पण अपडेट कधी कधी सीडीएवढंच मोठं असतं. घरी मोबाईल हॉटस्पॉटवर भागवत असाल तर दिवसाच्या डेटात ते मावणार नाही. ज्याच्याकडे फायबर आहे अशा मित्राकडे मशीन घेऊन जा.

अपडेट झाल्यावर पीएस५ वर गेमवर `OPTIONS` दाबून `Manage Game Content` उघडा. तुमच्या अकाउंटला जे मिळण्याजोगं आहे त्याची यादी इथे येते. काही गेमांमध्ये भाषेची पॅकेजं किंवा मल्टिप्लेअरचा वेगळा भागही इथेच दिसतो. तो फुकट असतो, डाउनलोडची खूण असली तर घेऊन टाका. एक्सबॉक्सवर हेच काम मेनू बटण दाबून `Manage game and add-ons` मध्ये होतं. शेवटी त्या गेमचं स्टोअरमधलं पान उघडा आणि जोडभागांपुढे काय लिहिलंय ते एकेक करून वाचा. किंमत असेल तर तो भाग तुमच्याकडे नाही. `Free` असेल तर लगेच घ्या. बऱ्याच कंपन्या जुने जोडभाग कालांतराने फुकट करतात.

एक गोंधळ मात्र ओळखून ठेवा. कोड टाकला, जोडभाग अकाउंटवर दिसतोय, डाउनलोडही झाला, पण गेममध्ये कुलूप तसंच. अशा वेळी परवान्याची नोंद मशीनवर नीट उतरलेली नसते. पीएस४ वर `Account Management` मध्ये आणि पीएस५ वर `Users and Accounts` मधल्या `Other` मध्ये `Restore Licenses` आहे, ते एकदा करा. तरीही नाही उघडलं तर कारण बहुधा पुढचं असतं.

प्रदेश जुळला नाही तर पैसे वाया

पीएस४, पीएस५ ची सीडी कुठल्याही देशातली कुठेही चालते. जोडभागांचं तसं नाही. जोडभाग ज्या प्रदेशाच्या स्टोअरवरून घेतला, सीडीही त्याच प्रदेशाची असावी लागते. नाहीतर दोघांची ओळखच पटत नाही. भारताचं स्टोअर युरोपीय गटात मोडतं, म्हणून १८, १६ अशा आकड्यांचे डबे आपल्या भारतीय अकाउंटशी सहसा जुळतात. पुण्या-मुंबईच्या नातेवाईकाने अमेरिकेतून आणलेली सीडी असेल, डब्यावर एम किंवा टी असेल, तर भारतीय स्टोअरवरून जोडभाग घेऊ नका. पैसे कापले जातील, डाउनलोड होईल, आणि गेम म्हणेल काही नाही.

खात्री करायची तर सीडीवरचा `CUSA` किंवा `PPSA` क्रमांक आणि स्टोअरमधला क्रमांक ताडून पाहा. कॉम्प्युटरवर स्टोअरचं पान उघडलं की पत्त्याच्या पट्टीत मोठा लांबलचक क्रमांक दिसतो. त्यात `EP` ने सुरू होणारा युरोपीय गटाचा आणि `UP` ने सुरू होणारा अमेरिकेचा, आणि मध्ये `CUSA` किंवा `PPSA`चे पाच आकडे असतात. ते सीडीशी जुळले तर बिनधास्त घ्या.

अमेरिकन सीडीसोबत कोरा अमेरिकन कोड मिळाला तर तो भारतीय अकाउंटवर पडणार नाही. त्यासाठी अमेरिकेचं वेगळं अकाउंट लागतं. ते आपल्या मशीनवर मुख्य म्हणून लावलं की जोडभाग आपल्या नेहमीच्या युजरलाही उघडतो. म्हणजे विकणाऱ्याच्या डेमोने आपल्याला ज्या सोयीने फसवलं, तीच इथे कामाला येते. पण एवढा खटाटोप एखाद्या पोशाखासाठी करू नका.

मग भाव किती द्यायचा?

कोड गेलेली अल्टिमेट एडिशन म्हणजे साधी आवृत्ती. तिच्यावर चकचकीत पुठ्ठा जास्त आहे, एवढंच. म्हणून नव्या अल्टिमेटच्या किमतीतून वजाबाकी करत बसू नका, जुन्या साध्या आवृत्तीपासून सुरुवात करा. आपल्या उदाहरणात साधी १४०० ला मिळतेय, तर कोड गेलेली अल्टिमेट १४०० ची. डबा चांगला आहे म्हणून वर शंभर देणं तुमच्या हौसेवर. २६०० देण्याला अर्थ नाही.

रीमास्टर्डही हवाच असेल तर तो २०२३ पासून स्टोअरवर स्वतंत्र विकत मिळतो, आणि त्यात ‘द सिटी दॅट नेव्हर स्लीप्स’ची तिन्ही प्रकरणं आहेत. १४०० मध्ये स्टोअरची किंमत मिळवा आणि मग ठरवा. घाई नसेल तर सेलची वाट बघा, दिवाळी आणि वर्षअखेरीच्या आसपास स्टोअरवर सवलती असतात. आणि ज्यांना फक्त तीन प्रकरणांची हौस आहे, पीएस४ ची ‘स्पायडर-मॅन’ची सीडी आधीच आहे, त्यांनी आधी जोडभागाचीच किंमत बघावी. तो मार्ग स्वस्त पडू शकतो.

आगाऊ नोंदणीवर मिळणारे पोशाख, बंदुकांचे रंग, गेममधले थोडे पैसे, यांच्यासाठी मी एक रुपयाही कमी-जास्त करत नाही. भांडायचं ते गोष्टीच्या प्रकरणांवर आणि अख्ख्या गेमवर.

पीएस३ आणि एक्सबॉक्स ३६० च्या जुन्या सीडी

रद्दीच्या भावात या सीडी अजून फिरतात, आणि वापरलेल्या कोडचा खेळ खरा तिथेच सुरू झाला. ईए या गेम कंपनीने २०१० मध्ये ‘ऑनलाइन पास’ आणला: नव्या डब्यात एकदाच चालणारा कोड, जुनी सीडी घेणाऱ्याने ऑनलाइन खेळायला वेगळे पैसे भरायचे. २०११ मध्ये युबिसॉफ्टने ‘यूप्ले पासपोर्ट’ आणला, सोनीनेही ‘रेझिस्टन्स ३’पासून स्वतःचा पास आणला. लोक चिडले. २०१३ मध्ये ईएने तो प्रकार बंद केला आणि बाकीच्यांनीही हळूहळू सोडून दिला.

आज या जुन्या पासची चिंता करण्यात अर्थ नाही, कारण बऱ्याच गेमांचे सर्व्हरच बंद झालेत. पीएस३ वरच्या ‘अनचार्टेड २’, ‘अनचार्टेड ३’ आणि ‘लास्ट ऑफ अस’चं ऑनलाइन सप्टेंबर २०१९ मध्ये बंद झालं. पीएस३ आणि ३६० वरचं ‘जीटीए ऑनलाइन’ डिसेंबर २०२१ मध्ये, आणि तिथलंच ‘बॅटलफील्ड ३’, ‘बॅटलफील्ड ४’ नोव्हेंबर २०२४ मध्ये. ‘ऑनलाइन चालू आहे’ असं कुणी या सीडीवर सांगत असेल तर हसून पुढे जा. एकट्याने खेळायचा भाग मात्र सीडीवर आहे आणि चालतो.

खरी चिंता आहे ती एकट्याने खेळायच्या भागातलं काही कोडमध्ये ठेवलं असेल तर. ‘बॅटमॅन: आर्कम सिटी’ २०११ मध्ये आला तेव्हा कॅटवुमनची प्रकरणं नव्या डब्यातल्या कोडने उघडायची. जुनी सीडी घेतली तर बॅटमॅनची मुख्य गोष्ट शेवटपर्यंत जाते, पण कॅटवुमन म्हणून खेळता येत नाही. ३६० चं स्टोअर २९ जुलै २०२४ ला बंद झालं, त्यामुळे त्या मशीनवरून असा हरवलेला भाग आता विकतही घेता येत नाही. पीएस३ चं स्टोअर अजून चालू आहे, पण मशीनवरून थेट कार्डाने पैसे भरता येत नाहीत. वॉलेटमध्ये आधी दुसरीकडून पैसे भरावे लागतात. कॅटवुमनसकट खेळायचं असेल तर पीएस४ साठी २०१६ मध्ये आलेली ‘रिटर्न टू आर्कम’ बघा, तिच्यात हा भाग सामील आहे.

स्विच आणि कॉम्प्युटर

स्विचच्या डब्यावर समोरच पांढऱ्या पट्टीत ‘डाउनलोड आवश्यक’ अशा अर्थाची सूचना असते, ती वाचली की बहुतेक प्रश्न सुटतात. ‘फायनल फँटसी एक्स / एक्स-२’ च्या पाश्चात्त्य आवृत्तीत कार्ट्रिजवर फक्त एक्स आहे, एक्स-२ कोडने. दोन गेमचं नाव आणि एकच कार्ट्रिज दिसलं की हाच संशय आधी घ्या. स्विच २ वर ‘गेम-की कार्ड’ नावाचा प्रकार आलाय. त्यात कार्डावर गेम नसतोच, तो पूर्ण डाउनलोड करावा लागतो. पण तो कार्डाला बांधलेला असतो, अकाउंटला नाही. त्यामुळे जुनं कार्ड घेतलं तरी चालतं, फक्त डाउनलोडला सर्व्हर चालू हवा. याउलट डब्यात कार्ट्रिजच नाही, नुसता कोडचा कागद आहे, असेही डबे असतात. तो जुना घेणं म्हणजे पुठ्ठा विकत घेणं.

कॉम्प्युटरच्या डीव्हीडीबद्दल फार बोलण्यासारखं नाही. ‘जीटीए ५’ च्या डब्यात सात डीव्हीडी होत्या आणि एक कोड. कोड पहिल्या मालकाच्या अकाउंटला लागला की सातही डीव्हीडी निरुपयोगी. स्टीम या कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानाची की, म्हणजे कोड, असलेल्या कुठल्याही डब्याचं हेच. एखाद्या दुकानात असा जुना डबा दीडशेला मिळाला आणि कपाटात ठेवायला हवा असेल तर घ्या, खेळायला म्हणून घेऊ नका.

तुम्ही स्वतः विकणार असाल तर जाहिरातीत पहिल्याच ओळीत ‘कोड वापरलेला आहे, फक्त सीडी’ असं लिहा आणि व्हाउचरचा कागद डब्यातून काढून टाका. कागद डब्यात राहिला की पुढचा माणूस तोच कोड पुन्हा पुन्हा टाकत बसतो आणि मग तुम्हालाच फोन येत राहतात.